कौल उजवा पडला, तरी

देवळात शूटिंग करायचं तर परवानगी कोणाची घ्यायची, हा प्रश्न मला सुरुवातीला प्रश्नच वाटला नव्हता. देवस्थानचा ट्रस्ट असतो, त्याला अध्यक्ष असतो, अध्यक्षांना पत्र द्यायचं, शिक्का मारलेली प्रत परत घ्यायची, झालं. सिंधुदुर्गातल्या एका ग्रामदेवतेच्या जत्रेवर अर्ध्या तासाची फिल्म करायची ठरली तेव्हा मी एवढंच धरून चालले होते. गावाचं नाव इथे देत नाही. का देत नाही ते पुढे कळेलच. माझं आजोळ तिथून दोन वाड्या पलीकडे, त्यामुळे मालवणी कळते, थोडी तोडकीमोडकी बोलताही येते. त्या भाषेच्या जोरावर आपलं काम चुटकीसरशी होईल असाही माझा गोड गैरसमज होता.

अध्यक्ष भले माणूस. निवृत्त शिक्षक. गणपतीनंतरच्या आठवड्यात त्यांच्या पडवीत बसून चहा घेतला, पत्र दिलं, त्यांनी तिथेच सही केली. निघताना त्यांनी एक वाक्य टाकलं : "माझी सही घेऊन ठेवा, पण गुरवांना आणि मानकऱ्यांना विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका." मी तेव्हा मान डोलावली. पत्राची खरी किंमत मात्र दोन आठवड्यांनी समजली. जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयातून आम्ही ट्रस्टच्या नोंदीचा उतारा काढला. सार्वजनिक न्यासाच्या नोंदवहीत विश्वस्तांची नावं असतात, त्या कागदाला सगळे 'शेड्यूल वन' म्हणतात. त्या यादीत आमच्या अध्यक्षांचं नावच नव्हतं. यादीतले सातपैकी तिघे वारलेले. नवे विश्वस्त निवडले गेले होते, त्यांचा चेंज रिपोर्टही दाखल होता, पण मंजूर व्हायचा होता. म्हणजे कागदावर ज्यांनी परवानगी द्यायची त्यातले काही स्वर्गात, आणि ज्यांनी दिली ते कागदावर नाहीत.

ही परिस्थिती या एकाच गावची असेल असं कोणी समजू नये. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत कळवायचं असा नियम आहे, पण कळवल्यावर ते नोंदीवर चढेपर्यंत वेळ जातो, आणि मधेच कोणी हरकत घेतली तर वर्षं जातात. म्हणून आता माझी रीत अशी : एकट्या अध्यक्षांची सही घेत नाही. कार्यकारिणीच्या सभेचा ठराव मागते. त्यात तारीख, देवळाचा कुठला भाग, किती माणसं, फिल्म कुठे दाखवणार, आणि 'या परवानगीने मानपानाच्या कोणत्याही हक्काला बाधा येत नाही' ही ओळ. शेवटची ओळ महत्त्वाची. कोकणात पालखीला पहिला खांदा कोणाचा, तरंग, म्हणजे देवाची वस्त्रं नेसवलेली काठी, कोणी धरायचा, यावरून घराघरांत दावे चालू असतात. उद्या तुमच्या फिल्ममध्ये एका घराण्याचा माणूस पालखीपुढे चालताना दिसला, तर ती चित्रफीत कोर्टात पुरावा म्हणून निघू शकते. मी सरळच विचारलं, मानपानाचा दावा चालू आहे का? होता. तेवढ्यासाठी पालखी निघतानाचा पहिला एक मिनिट आम्ही घेतलाच नाही. पालखी देवळाच्या पायऱ्या उतरून गर्दीत आली की मग कॅमेरा सुरू.

ठराव झाला. तो घेऊन गुरवांकडे गेले. गुरवकाका साठीचे, शांत, सुपारी कातरत ऐकत बसले. सगळं ऐकून म्हणाले, "तुमचो कागद बरो आसा. पण देवाक इचारूक होया."

देवाला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. पाषाणाच्या दोन्ही अंगांना, ठरलेल्या जागी, गुरव ओल्या तांदळाचे दाणे किंवा फुलांच्या पाकळ्या चिकटवतात, मग प्रश्न घालतात आणि वाट बघतात. उजवीकडचं आधी सुटलं तर होकार, डावीकडचं सुटलं तर नकार. काय लावायचं, किती लावायचं, हे गावागावाला वेगळं. कौलाच्या वेळी मानकरी हजर लागतात. त्या दिवशी पाच घरांची माणसं सभामंडपात बसली होती आणि आम्ही तिघं उंबऱ्याबाहेर.

गुरवांनी गाऱ्हाणं घातलं : "बा देवा महाराजा, ही पोरां मुंबैसून इली आसत. तुझ्या जत्रेचो सोहळो फिल्मेत घेवक मागतत. काय चुकला-माकला तर सांभाळून घे, रे महाराजा!" आणि सगळ्यांनी एका आवाजात "व्हय महाराजा!" म्हटलं. मग दहा-बारा मिनिटं कोणी बोललं नाही. समईची वात चुरचुरत होती. एक पाकळी सुटली, उजवीकडची.

मी उठायला लागले तर एका म्हाताऱ्या मानकऱ्यांनी हाताने खाली बसवलं. त्यांनी विचारलेला प्रश्न मला आजपर्यंत कुठल्याही सरकारी अर्जात दिसलेला नाही. ते म्हणाले, देवाला विचारलं ते 'फिल्मेत घेऊ का' एवढंच. ती फिल्म नंतर कोणाकडे जाणार, कुठे दिसणार, ते विचारलंच नाही. मग तो कौल कशाचा? आणि मला त्यांनी सगळं नीट सांगायला लावलं. महोत्सवांत दाखवणार, नंतर यूट्यूबवर टाकणार, जगात कुठेही कोणीही बघू शकेल, एकदा गेलं की कोणी उतरवून घेतलं तर आमच्या हातात राहणार नाही. गुरवांनी हे सगळं दुसऱ्या गाऱ्हाण्यात घातलं. यूट्यूब हा शब्द मी त्या आधी कधी देवापुढे उच्चारलेला ऐकला नव्हता. उजवा कौल पुन्हा पडला. तिसरा प्रश्न गाभाऱ्याचा. तो डावा पडला, चटकन. कोणालाच आश्चर्य वाटलं नाही, मलाही नाही.

अटी ठरल्या त्या अशा. उंबऱ्याच्या आत तिवई नाही आणि कॅमेऱ्याची नळी आत वळवायची नाही, म्हणजे देवीचा मुखवटा बाहेरूनही झूम करून घ्यायचा नाही. चामडं नको. आम्ही पट्टे, पाकिटं बाहेर ठेवली, तरी एका पोराचं लक्ष गेलं की कॅमेऱ्याचा हातपट्टा चामड्याचा आहे. तो काढून सुती नाडा बांधला. दिवे नकोत, समई आणि मंडपातल्या ट्यूबलाइटवरच काम. आमच्या कॅमेरामनने कमी उजेडात चालणारी १.८ची लेन्स लावली आणि दाणेदार चित्र येईल याची तयारी ठेवली. आमच्या ध्वनिमुद्रक ताईला एका काकूंनी बाजूला घेऊन 'चार दिवसांचं' विचारलं. मला ते आवडलं नाही, अजूनही आवडत नाही. पण उत्तर काय द्यायचं ते तिच्यावर सोडलं. तिने ठरवलं की ती मंडपाच्या बाहेरच्या ओसरीवर बसेल, आणि गुरवांच्या अंगावरचा कॉलर माईक गुरव स्वतःच लावतील. त्या माईकची गोष्ट लक्षात ठेवा.

इथवर देवाची आणि देवस्थानची परवानगी झाली. मला वाटलं निम्मं काम झालं. खरं म्हणजे जे झालं होतं ते सोपं होतं, कारण विचारायची माणसं ठरलेली होती. जत्रेला येणाऱ्या हजारभर माणसांना कोणी विचारायचं?

मानकऱ्यांचं म्हणणं साधं : "देवळात सगळीच येतत. तेका कसली परवानगी?" आजकाल प्रत्येकाच्या हातात मोबाईल, निम्मी जत्रा लाइव्ह चाललेली असते, मग तुम्हीच काय वेगळे? खोटं नव्हतं. पण मी आजोळच्या जत्रेत वाढले आहे. जत्रा म्हणजे देवीपुढे केळी ठेवणाऱ्यांची रांग, ओटी भरायला आलेल्या माहेरवाशिणी, मुंबईहून रात्रीच्या गाडीने येऊन सकाळच्या गाडीने परतणारे चाकरमानी. त्यातली एखादी माहेरवाशीण सासरी सांगून आलेली नसते. एखाद्याने कामावर आजारपणाची रजा टाकलेली असते. एखादं जोडपं मूल व्हावं म्हणून नवस बोलायला आलेलं असतं आणि घरच्यांनाही ते ठाऊक नसतं. मोबाईलवाल्याला ही माणसं ओळखीची असतात, तो त्यांच्यातलाच. आमची फिल्म ती माणसं अनोळखी लोकांपुढे नेऊन उभी करणार होती.

मग आम्ही मंडपाचे दोन भाग केले. देवळाला दोन दारं होती, उत्तरेचं आणि पुढचं. उत्तरेच्या दाराने येऊन डावीकडून दर्शन घेऊन बाहेर पडणाऱ्या माणसावर कॅमेरा कधीही वळणार नाही, हे ठरवलं आणि जमिनीवर खडूने रेघ मारली. कॅमेरामनची उभं राहायची जागा त्या रेघेला पाठ करून. ही कल्पना माझी नव्हती, अध्यक्षांच्या सुनेची. ती म्हणाली, नको म्हणणाऱ्याला तुम्ही दंडावर फीत बांधायला सांगाल तर सगळे त्या फितीकडेच बघतील. त्यापेक्षा त्याला शांतपणे जायला वाट द्या. दोन्ही दारांवर फलक लावले, मोठ्या अक्षरांत, आणि स्पीकरवर 'केळी ठेवणाऱ्यांनी रांग धरावी' सांगणारा जो मुलगा होता त्यालाच आमची सूचना दिली. मी लिहून दिलेलं प्रमाण मराठीतलं त्याने एकदा वाचलं, हसला, आणि आपल्या शब्दांत सांगायला लागला : "आज देवळात फिल्म काढतत. जेका दिसूचा नाय, तेणी उत्तरेच्या दारान येवचा. दर्शन थयसूनय तसाच गावता." दर अर्ध्या तासाने. माझ्या चार ओळींपेक्षा हे बरं होतं.

गर्दीतल्या ओझरत्या चेहऱ्यांना हे पुरे. पण ज्याच्यावर कॅमेरा थांबणार, जो बोलणार, जो नवस फेडणार, त्याला स्वतंत्र विचारायचं. तिथे माझी पहिली फजिती झाली. मुंबईच्या निर्मिती संस्थेने दिलेला संमतीपत्राचा छापील कागद होता, दोन पानी, खाली सही आणि साक्षीदार. एका आजींपुढे धरला तर त्या दोन पावलं मागे सरकल्या. "जमनीचो कागद तर नाय मां?" शेजारच्या बाईने आजींचा हात धरून त्यांना बाजूला नेलं. त्यानंतर तासभर कोणी आमच्याशी बोललं नाही.

आजींचं काही चुकलं नव्हतं. कोकणात सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं असतात, जमिनींचे भाव वाढलेत, आणि म्हाताऱ्या माणसांकडून कशावर तरी सही-अंगठा घेऊन हिस्सा लाटल्याच्या गोष्टी प्रत्येक वाडीत आहेत. तिथे साक्षीदाराच्या रकान्याचा कागद म्हणजे धोक्याची घंटाच. मी कागद बॅगेत टाकले. त्याऐवजी तोंडी विचारायचं आणि उत्तर कॅमेऱ्यावरच घ्यायचं. संस्थेच्या वकिलांना फोन केला, त्यांचं म्हणणं पडलं की ध्वनिचित्रित होकार चालेल, फक्त काय विचारलं तेही त्यात ऐकू यायला हवं. म्हणजे नुसतं 'हो' नको.

मग माझं बोलणं ठरून गेलं. त्यासाठी मी एक पोस्टकार्डाएवढं कार्ड करून घेतलं, तेच वाचायचं आणि त्यांच्या हातात ठेवायचं. त्यावर असं होतं : 'आम्ही या जत्रेवर फिल्म करतोय. तुमचा चेहरा आणि आवाज त्यात येईल. ती यूट्यूबवर असेल, म्हणजे तुमचे नातेवाईक, शेजारी, कामावरचे लोक कोणीही बघू शकतील. याचे पैसे मिळणार नाहीत. आज हो म्हणालात आणि नंतर नको वाटलं तर अमुक तारखेपर्यंत या नंबरवर मिस्ड कॉल द्या, आम्ही काढून टाकू. का नको ते सांगायची गरज नाही.' शेवटची दोन वाक्यं सगळ्यांत जास्त कामाची. माणसं 'नको' म्हणायला कचरतात, कारण मग कारण द्यावं लागतं. तारीख जत्रेनंतर पस्तीस दिवसांची ठेवली. त्या आधी संकलन पुरं करायचं नाही, हे मी स्वतःला बजावलं होतं.

शिवाय एक गोष्ट मी विचारायच्या ऐवजी सांगायला लावायला शिकले. "कळलं का?" विचारलं की सगळे "कळला" म्हणतात. त्यापेक्षा "ही फिल्म कोण कोण बघेल असं तुम्हाला वाटतं?" असं विचारायचं. एक गृहस्थ म्हणाले, "तुमी आणि देव." त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, यूट्यूब मोबाईलवर दाखवलं, आणि मग त्यांनी नकार दिला. पहिला होकार धरून चालले असते तर कागदोपत्री सगळं बरोबर असतं.

लहान मुलांचं आम्ही सरळ केलं : आई किंवा बाप समोर असेल आणि त्यांनी कार्ड ऐकलं असेल तरच. आजी-आजोबांचा होकार धरला नाही, त्यावरून एक आजोबा रुसले. रात्री बारानंतर दशावतार सुरू झाला. दशावतारी मंडळींचं वेगळं, त्यांच्या मालकांशी आधीच बोलणं झालं होतं : रंगपटातला मेकअप घ्यायचा, नाटकातली दहा मिनिटांहून जास्त सलग घ्यायची नाहीत. ते या धंद्यातले जुने, त्यांच्या अटी आमच्यापेक्षा स्पष्ट होत्या.

आता अवसराचं, म्हणजे अंगात येण्याचं. तरंग घेणाऱ्यांच्या अंगात देव येतो तो ठरलेला असतो, ती माणसं ठरलेली असतात. त्यांना मी आदल्या दिवशी घरी जाऊन विचारलं. एकाने होकार दिला, दुसऱ्याने फक्त पाठमोरं घ्या म्हटलं. पण पालखीची तिसरी प्रदक्षिणा चालू असताना ढोलाच्या जवळ उभ्या असलेल्या एका बाईंच्या अंगात वारं आलं. चाळिशीच्या. अंबाडा सुटला, पदर पडला, त्या घुमायला लागल्या, दोघी-तिघींनी त्यांना धरलं. कॅमेरा तिथून चार हातांवर होता आणि चालू होता. कॅमेरामनने माझ्याकडे बघितलं. मी त्याला थांबायची खूण केली नाही. ते मी मान्य करते. चित्र विलक्षण होतं.

वारं उतरल्यावर त्यांना पाणी दिलं, कपाळाला अंगारा लावला. त्यांचे यजमान आमच्याकडे आले आणि स्वतःहूनच म्हणाले, "घेतलास मां? बरा झाला. दाखवा तुमी." मी कार्ड काढलं, त्यांनी मोबाईल नंबरही दिला. पण ज्या बाईंना आपण काय केलं हेच आठवत नव्हतं, त्यांच्या वतीने हा होकार मी कसा धरणार? अंगात आलेलं माणूस त्या वेळी होकार देऊ शकत नाही, आणि नंतर लगेच विचारलं तर ते थकलेलं, भांबावलेलं असतं, चारचौघांत असतं, आणि देवाने आपल्याला निवडलं म्हणून भारावलेलंही असतं. ती क्लिप आम्ही वेगळ्या फोल्डरात टाकली, नाव ठेवलं 'विचारायचं आहे'.

अठरा दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले. जाणूनबुजून दुपारी, यजमान कामावर असताना. टॅबलेटवर क्लिप लावून दिली आणि स्वतः मागच्या पडवीत जाऊन बसले. त्यांनी ती तीनदा बघितली. मग बाहेर आल्या. "माका काय्येक नाय. देवीच ती. पण चेडवाच्या लग्नाचा बघतंव." मुलीला स्थळं येत होती. आईच्या अंगात येतं हे पाहून कोण कसं बघेल सांगता येत नाही. मी म्हटलं, चेहरा धूसर करू? त्यांनी मला वेड्यात काढलं. "आवाजावरसून वळाकतली. आणि साडी? ती साडी गावात सगळ्यांका ठावक आसा." खरंच होतं. शहरातला माणूस चेहरा झाकला की माणूस झाकला असं समजतो. गावात चालण्यावरून, खोकण्यावरून माणूस ओळखतात. क्लिप गेली, आवाजासकट. "डिलिट म्हणजे खराच जाता?" असं त्यांनी विचारलं. दोन्ही हार्डडिस्कवरून पुसल्याचं त्यांच्या मुलीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तेव्हा त्यांचं समाधान झालं. संकलकाचं झालं नाही. फिल्मचा मध्य तिथे होता, तो आम्हाला पुन्हा शोधावा लागला.

आणि आता तो कॉलर माईक. चेहऱ्यांच्या मागे मी इतकी लागले होते की कानांकडे लक्षच नव्हतं. संकलनाच्या पहिल्या आठवड्यात आमची ध्वनिमुद्रक ताई फोनवर म्हणाली, "तू गुरवांचा ट्रॅक ऐकलायस का? नीट ऐक." ऐकला. जत्रेच्या दिवशी केळी ठेवणारा प्रत्येक माणूस गुरवांच्या कानाशी लागून आपली अडचण सांगतो आणि गुरव त्याच्या नावानिशी, गावानिशी देवीपुढे गाऱ्हाणं घालतात. कोणाच्या मुलाची दारू सुटावी. कोणाच्या सुनेला दिवस जावेत. कोणी सख्ख्या भावाविरुद्धची केस जिंकावी. मंडपातल्या कल्लोळात, घंटांच्या आवाजात ते दोन हातांवर ऐकू येत नाही, येऊ नये असाच तो बेत असतो. पण आमचा माईक गुरवांच्या छातीवर होता, तोंडापासून वीतभर अंतरावर. पाच तासांत साठेक माणसांची गुपितं आमच्याकडे स्वच्छ आवाजात जमा झाली होती. त्यातल्या कित्येकांनी मुद्दाम उत्तरेचं दार धरलं होतं. चित्रात ते कुठेच नव्हते, आवाजात पूर्ण होते.

मी घाबरले, खरं सांगते. हे फिल्ममध्ये वापरायचं नाही हे उघडच होतं. पण ते आमच्याकडे, संकलकाकडे, बॅकअपवर, तीन ठिकाणी होतं, आणि सहाय्यक पोराने भाषांतरासाठी ते एका ओळखीच्याला पाठवायची तयारी केली होती. तो ओळखीचा त्याच तालुक्यातला! त्याला थांबवलं. गुरवांचा माईक वेगळ्या ट्रॅकवर घेतलेला असल्यामुळे एक सोय झाली : तो ट्रॅक पूर्ण पुसता आला आणि बाकी मंडपाचा आवाज राहिला. पुसायच्या आधी गुरवांना फोन करून सांगितलं, कारण चूक त्यांच्या अंगावरच्या माईकची होती पण दोष आमचा. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तां देवीक आणि माका सांगलेला." पुढे काही नाही.

पण गाऱ्हाण्याशिवाय सिंधुदुर्गातली जत्रा दाखवायची म्हणजे ढोलाशिवाय पालखी. वाट गुरवांनीच काढून दिली. जत्रेच्या सुरुवातीला, कोणाही एकाचं नाही असं, सगळ्या गावाचं गाऱ्हाणं होतं : पाऊसपाणी वेळेवर होऊ दे, गुराढोरांना रोग नको, मुंबईला गेलेली लेकरं सुखरूप असू दे. त्यात कोणाचं गुपित नाही, आणि 'व्हय महाराजा' म्हणणारा अख्खा गाव असतो. ते आम्ही बाहेरच्या माईकवर घेतलं होतं, मंडपाच्या घुमण्यासकट, जरा लांबून. फिल्मची सुरुवात त्यानेच होते. पुढच्या प्रत्येक कामात मी पुजाऱ्याला माईक लावायच्या आधी विचारते की तुम्ही लोकांचं काय बोलता. आणि लावलाच तर त्यावर बंद करायचं बटण त्यांच्या बोटाशी असतं.

पस्तीस दिवसांत अकरा मिस्ड कॉल आले. दोन चुकून आलेले होते. एकाने उलट विचारलं की माझा नातूही घालता येईल का. आठ जणांना आम्ही काढलं, कोणालाही कारण न विचारता. त्यातल्या एका माहेरवाशिणीने दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करून स्वतःच कारण सांगितलं, ते मी इथे लिहिणार नाही.

फिल्म पुरी झाल्यावर ती आधी गावात दाखवायची असं ठरावातच होतं. माघातल्या एका संध्याकाळी देवळासमोरच्या खळ्यात पांढरी चादर ताणली, शाळेचा प्रोजेक्टर आणला. अवसर आलेल्या बाई पुढच्या रांगेत मुलीबरोबर बसल्या होत्या, अगदी ताठ. म्हातारे मानकरी संपूर्ण वेळ डोळे मिटून फक्त ऐकत होते. फिल्म संपल्यावर चहा वाटत असताना एक गृहस्थ तणतणत माझ्याकडे आले. मी त्यांना ओळखलं. जत्रेच्या रात्री ते उत्तरेच्या दाराजवळच्या खांबाशी, आमच्या खडूच्या रेघेच्या पलीकडे, पहाटेपर्यंत उभे होते.

"सगळो गाव दिसलो," ते म्हणाले. "माझो फोटो खंय गेलो?"